स्थळभेट अहवाल: खाडीकाठचे मलनिस्सारण प्रक्रिया केंद्र

प्रति: मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, जि. रत्नागिरी
सादरकर्ता: पर्यावरण अभियंता, पाणीपुरवठा व मलनिस्सारण विभाग
भेट: 14 मे 2025, सकाळी 8 ते दुपारी 3
अहवाल: 20 मे 2025
केंद्राची क्षमता: 3 एमएलडी, पद्धत: एसबीआर

भेटीचे कारण

केंद्रातून खाडीत सोडले जाणारे पाणी अधूनमधून गढूळ असते, अशी तक्रार खाडीत तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या महिलांनी केली होती. त्यावर उपाय म्हणून तिसरा ब्लोअर बसवण्याचा प्रस्ताव आला आहे. “उधाण असलं की टाकी बिघडते,” असे केंद्रचालकांचे म्हणणे होते. म्हणून पौर्णिमेनंतरचा उधाणाचा दिवस निवडला आणि ओहोटी व भरती अशा दोन्ही वेळी मोजमापे घेतली.

निरीक्षणे

एरेशन संपताना टाकीत विरघळलेला ऑक्सिजन 2.4 मिलिग्रॅम प्रति लिटर होता. या पद्धतीत साधारण 2 पुरतो. डिफ्यूझरचे बुडबुडे टाकीभर सारखे येत होते. म्हणजे हवा कमी पडत नाही.

खरी अडचण गाळात आहे. टाकीतील जिवाणूंच्या गाळाचे प्रमाण 1,450 मिलिग्रॅम प्रति लिटर भरले. आराखड्यात ते 3,500 धरले आहे. एक लिटरच्या मोजपात्रात पाणी अर्धा तास स्थिर ठेवले. गाळ 180 मिलिलिटरवर बसला, पण वरचे पाणी निवळले नाही. टाचणीच्या टोकाएवढे कण तसेच तरंगत राहिले. गाळाचे गोळे फुटत असल्याची ही खूण आहे. हेच कण डिकँटरमधून बाहेर जातात.

गोळे का फुटतात, याचा उलगडा येणाऱ्या पाण्याच्या विद्युतवाहकतेने झाला. सकाळी ओहोटीला ती 900 मायक्रोसिमेन्स प्रति सेंटिमीटर होती, दुपारी सव्वा वाजता भरतीला 6,400. त्याच वेळी खाडीच्या पाण्याची 38,000 होती. हिशेब केला तर भरतीच्या वेळी येणाऱ्या पाण्यात सुमारे 15 टक्के खाडीचे पाणी असते. आवकही ताशी 95 घनमीटरवरून 115 वर गेली, जी दुपारी एरवी उतरायला हवी. जिवाणू कायमच्या खारटपणाला हळूहळू सरावतात. दिवसातून दोनदा होणारा चढउतार त्यांना सोसत नाही.

पाणी शिरते कुठून, तेही दिसले. जेटीकडच्या रस्त्यालगत तीन चेंबरची झाकणे भरतीच्या रेषेखाली आहेत. त्यांपैकी एकाच्या जांभ्याच्या चिऱ्यांमधील सिमेंट निघाले असून सांध्यातून पाणी आत झिरपत होते. खाऱ्या पाण्यातील सल्फेटमुळे पंपिंग स्टेशनमध्ये हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तिथे कुजलेल्या अंड्यासारखा वास होता आणि पॅनेलमधील तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. पंपिंग स्टेशनच्या अशा विहिरीत कर्मचारी गॅस डिटेक्टरशिवाय उतरतात, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला. बीओडी 34 आणि निलंबित घन पदार्थ 62 मिलिग्रॅम प्रति लिटर आले. संमतीपत्रातील मर्यादा अनुक्रमे 10 आणि 20 आहेत. गढूळपणा क्लोरीन खाऊन टाकतो, त्यामुळे शेवटी उरलेला क्लोरीन जेमतेम दिसला. तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळूनच जगतात. पाण्यातले जिवाणू त्यांच्यात साठतात आणि ताटात येतात.

नोंदवहीत महिनाभर सामू रोज 7.2 लिहिला आहे. प्रत्यक्ष मोजणी होत नसावी. चाळणी आणि ग्रिट चेंबर ठीक आहेत.

शिफारशी

ब्लोअरचा प्रस्ताव तूर्त मंजूर करू नये. त्याने वीजबिल वाढेल, पाणी सुधारणार नाही. तो निधी आधी जेटीकडच्या वाहिनीवर खर्च करावा: तिन्ही चेंबर उंच करून जलरोधक झाकणे लावावीत, गळके सांधे आतून सिमेंटने बंद करावेत. काम ओहोटीच्या वेळा पाहून आणि पावसाआधी उरकावे. पावसाळ्यात भूजल चढले की गळती शोधणे कठीण होईल.

दुरुस्ती होईपर्यंत उधाणाच्या दिवसांत गाळ काढणे थांबवावे, म्हणजे टाकीतील जिवाणू टिकतील. स्थिरीकरणाचा वेळ अर्ध्या तासाने वाढवावा. विद्युतवाहकता रोज भरती व ओहोटीला मोजून नोंदवावी. हातातले साधे मीटर पुरेल.

विहिरीत माणूस उतरवणे आजच थांबवावे. हाताने मैला सफाईवर बंदी घालणारा 2013 चा कायदा संरक्षक साधनांशिवाय अशा धोकादायक सफाईची मुभा देत नाही. गॅस डिटेक्टर, ब्लोअर-पंखा आणि हार्नेस आल्याशिवाय काम यंत्रानेच करून घ्यावे.

वाळवण बेडवरील गाळ उघड्यावर आहे. पहिल्याच सरीत तो खाडीत वाहून जाईल. 31 मेपर्यंत तो उचलावा आणि बेडवर पत्र्याचे छप्पर घालावे.

सोडलेल्या पाण्याचे अहवाल मर्यादेत येईपर्यंत विसर्गाच्या मुखाजवळ तिसऱ्या-कालवे काढू नयेत, असा मराठीतील ठळक फलक तिथे लावावा. त्या महिलांना बोलावून कारणही समजावून सांगावे, कारण रोजचे उत्पन्न त्यांचे बुडणार आहे. जूनमधील पौर्णिमेच्या उधाणाला मी पुन्हा मोजमापे घेईन.