बेदाणा स्टोअरेजच्या पावतीवरचं कलम ११ : जुना मजकूर, सोपा मजकूर

सांगली

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. हंगामाच्या नव्या पावत्या छापायला जाण्याआधी पावतीमागचं कलम ११ सोप्या मराठीत लिहून दे, असं तू म्हणाला होतास. ते सोबत देते आहे. सावळज-मणेराजुरीकडून ट्रॅक्टर घेऊन आलेला शेतकरी रांगेत उभा राहून ती पावती घेतो आणि सही करतो. मागचा मजकूर एका दमात वाचून कळेल असा नाही. वर्षभराच्या बागेचा पैसा त्या पेट्यांत असतो, तेव्हा आपण कशावर सही केली हे त्याला समजलंच पाहिजे.

आधी जुना मजकूर जसाच्या तसा :

«कलम ११. ठेवीदाराने उपरोक्त मालाचे साठवणूक भाडे, हमाली व अनुषंगिक आकार माल स्वीकृतीचे दिनांकापासून आठ महिन्यांचे मुदतीत अथवा मालाची उचल करणेपूर्वी, यांपैकी जे आधी घडेल त्यावेळेपावेतो, संपूर्णतः अदा करणे बंधनकारक राहील व तसे न केलेस थकीत रकमेवर दरमहा शेकडा दीड दराने सरळ व्याज आकारणेचा, तसेच संपूर्ण येणे वसूल होईपावेतो सदर माल अथवा त्याचा येणे रकमेपुरता आवश्यक भाग ताब्यात रोखून धरणेचा हक्क चालकास राहील. परंतु उक्त मुदत संपलेनंतर किमान तीस दिवसांची लेखी नोटीस ठेवीदाराचे नोंदीत पत्त्यावर पोचपावतीचे टपालाने पाठविलेखेरीज चालकास सदर मालाची विक्री करता येणार नाही, आणि अशी विक्री झालेस येणे रक्कम व विक्रीखर्च वजा जाता उर्वरित रक्कम ठेवीदारास परत करणेस चालक बांधील राहील. तसेच नैसर्गिक आपत्ती अथवा चालकाचे नियंत्रणाबाहेरील कारणे वगळता, चालकाने अथवा त्याचे नोकरांनी वाजवी काळजी न घेतलेने झालेल्या मालाचे नुकसानीस चालक जबाबदार राहील. मात्र नैसर्गिक घट म्हणून वजनात शेकडा एकपर्यंत आलेली तूट नुकसान समजली जाणार नाही.»

आता सोपा मजकूर :

«कलम ११. या कलमात ‘तुम्ही’ म्हणजे माल ठेवणारे आणि ‘आम्ही’ म्हणजे स्टोअरेजचे चालक.

पैसे भरण्याची मुदत : मालाचं साठवणूक भाडं, हमाली आणि त्यासोबतचे इतर आकार तुम्ही पूर्ण भरले पाहिजेत. आम्ही माल घेतला त्या तारखेपासून आठ महिन्यांच्या आत भरा किंवा माल उचलण्यापूर्वी भरा. या दोन्हींपैकी जी वेळ आधी येईल, ती तुमची मुदत.

पैसे थकले तर : मुदतीत पूर्ण पैसे भरले नाहीत, तर थकलेल्या रकमेवर आम्ही दरमहा शेकडा दीड दराने सरळ व्याज लावू शकतो. तसंच, सगळं येणं मिळेपर्यंत तुमचा माल, किंवा येणं असलेल्या रकमेपुरता लागेल तेवढा माल, आमच्या ताब्यात रोखून ठेवू शकतो.

मालाची विक्री : वरची मुदत संपल्यानंतर किमान तीस दिवसांची लेखी नोटीस, आमच्याकडे नोंदवलेल्या तुमच्या पत्त्यावर, पोचपावतीच्या टपालाने पाठवल्याशिवाय आम्हाला तुमचा माल विकता येणार नाही. अशी विक्री झाली, तर आमचं येणं आणि विक्रीचा खर्च वजा करून उरलेली रक्कम आम्ही तुम्हाला परत केलीच पाहिजे.

मालाचं नुकसान : आम्ही किंवा आमच्या नोकरांनी वाजवी काळजी न घेतल्यामुळे मालाचं नुकसान झालं, तर त्याची जबाबदारी आमची. नैसर्गिक आपत्तीमुळे किंवा आमच्या नियंत्रणाबाहेरच्या कारणामुळे झालेलं नुकसान यात येत नाही. नैसर्गिक घट म्हणून वजन शंभर किलोमागे एक किलोपर्यंत कमी भरलं, तर ते नुकसान धरलं जाणार नाही.»

यात मी काही ठिकाणी मुद्दाम हात आखडता घेतला आहे. ती ठिकाणं तू नीट बघ.

विक्रीचं वाक्य सगळ्यात नाजूक. ‘नोटीस देऊन आम्ही माल विकू’ असं लिहिलं असतं तर वाक्य दोन ओळींत संपलं असतं आणि कानालाही बरं लागलं असतं. पण जुन्या कलमात तसं वचन नाही. तिथे एवढंच आहे की नोटिशीशिवाय विक्री करता येणार नाही. अडवणारं वाक्य अडवणारंच राहिलं पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याला पावती वाचून वाटेल की मुदत संपली की माल सौद्याला गेलाच. व्याजाचंही तसंच. जुन्यात ‘हक्क राहील’ आहे, म्हणून नव्यात ‘लावू शकतो’ आहे. तू एखाद्याचं व्याज सोडतोस, ती मोकळीक ‘लावू’ लिहिल्याने गेली असती.

‘नोकर’ हा शब्द मला खटकत होता, ‘कामगार’ लिहावं असं मनात आलं. पण तुझ्याकडे पेट्या चढवणारे-उतरवणारे हमाल माथाडी आहेत, तुझ्या पगारावरचे नाहीत. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली त्यांची नोंदणी वेगळी असते. ‘कामगार’ म्हटलं की तेही या वाक्यात आले असा अर्थ निघू शकतो आणि तुझी जबाबदारी वाढते. शब्द जुनाट वाटला तरी तोच ठेवला आहे. ‘वाजवी काळजी’ही तशीच ठेवली. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १५१ मध्ये या काळजीचं माप दिलेलं आहे : साधारण समंजस माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच मालाची घेईल तेवढी. त्या जागी ‘पूर्ण काळजी’ किंवा ‘शक्य तेवढी काळजी’ घातलं की माप बदलतं.

बाकी ‘अनुषंगिक’, ‘उपरोक्त’, ‘सदर’, ‘पावेतो’ गेले. त्यांच्या जाण्याने कोणाचं काही बिघडत नाही.

हिशेब समजावा म्हणून काउंटरवर वेगळा कागद लाव, पावतीत घालू नकोस. बारा हजार रुपये थकले तर महिन्याला व्याज १८० रुपये, तीन महिन्यांचं ५४०. व्याजावर व्याज नाही. पंधरा किलोच्या शंभर पेट्या म्हणजे १५०० किलो, त्यावर १५ किलोपर्यंतची घट नुकसानीत धरायची नाही. उदाहरण पावतीवर छापलं की तेही कराराचा भाग असल्यासारखं वाचलं जातं.

आता जे मी सोडवलेलं नाही. जुन्या मजकुरात दोन गोष्टी मुळातच मोघम आहेत आणि त्या सोप्या करताना आपल्या मनाने ठरवणं म्हणजे करार बदलणं. एक : शेतकरी भाव बघून पेट्या थोड्या थोड्या काढतो. मग ‘माल उचलण्यापूर्वी’ म्हणजे पहिल्या वीस पेट्या काढतानाच सगळं भाडं भरायचं, की काढलेल्या पेट्यांपुरतं? दोन : नोटिशीचे तीस दिवस टपालात टाकल्यापासून मोजायचे की शेतकऱ्याच्या हातात पडल्यापासून? तुझ्या ऑफिसात आजवर कसं चालत आलं ते मला माहीत आहे, पण चालत आलेलं आणि लिहिलेलं एक नाही. तू शेतकऱ्यांशी आणि तुझ्या भागीदारांशी बोलून ठरव. ठरलं की ते वाक्य ‘बदल’ म्हणूनच उघडपणे घालू, सोप्या भाषेच्या आडून नाही. माझं मत विचारशील तर पहिल्यात पेट्यांपुरतं भाडं आणि दुसऱ्यात हातात पडल्यापासून, कारण थकलेला माणूस बहुतेक वेळा घरीच नसतो, कुठल्यातरी बागेत छाटणीवर असतो.

आणि एक विनंती. नव्या पावतीवर दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापू नकोस. वाद झाला की प्रत्येक जण आपल्या सोयीचा वाचेल. नव्या मालाला फक्त सोपा मजकूर. आधी दिलेल्या पावत्यांचा माल उचलला जाईपर्यंत त्यांना जुनंच कलम लागू, हे काउंटरवरच्या मुलांना सांगून ठेव.

त्या दोन प्रश्नांची उत्तरं कळव, मग छपाईची प्रत तयार करून देते. वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण