जो मुक्ता, जो जो गं जो : बारशाचा पाळणा

कऱ्हाडला राहत्या घरी, श्रावणात, बाराव्या दिवशी संध्याकाळी दिवेलागणीला म्हणायचा पाळणा. म्हणणाऱ्या चौघी : थोरली आत्या, धाकटी आत्या, मोठी मावशी, लहान मावशी. बाकीच्या बायकांनी फक्त धृपद धरायचं.

गाणं दोन भागांत, दोन पानांवर आहे. पहिल्या भागात धृपद ‘जो बाळा’ असं आहे, दुसऱ्यात ‘जो मुक्ता’. कानात नाव सांगेपर्यंत ते गाण्यात येता कामा नये. चौघींनाही नाव ठाऊक असल्यामुळे तालमीच्या सवयीनं ते तोंडून निसटतं, म्हणून दुसरं पान घडी घालून थोरल्या आत्यांच्या कमरेला खोचलेलं असावं. ‘बाळा’ आणि ‘मुक्ता’ दोन्ही दोन अक्षरी, दोन्हींची अक्षरं गुरू, म्हणून चाल जराही न बदलता एकाच्या जागी दुसरं बसतं. कौतुकानं कुणी धृपदात ‘मुक्ताई’ म्हणू लागलं, तर एक अक्षर वाढतं आणि सगळ्याजणी मागं-पुढं होतात. धृपदात मुक्ता एवढंच.

चाल घरातली नेहमीची, पाळण्याची. कडव्यातली प्रत्येक ओळ आठ अक्षरांची आहे, धृपद सात अक्षरांचं. एका ओळीला पाळण्याचा एक हेलकावा, जाऊन परत येईपर्यंत. गाणं पळायला लागलं की दोरी ओढणारीचा हातही पळतो आणि बाळ दचकतं. म्हणून वेग पाळण्याकडून घ्यायचा, टाळ्यांकडून नाही. ताट-वाटी वाजवायची नाही.

आधी पाहून ठेवायचं : पाळण्यात पाच किलो तांदळाची पिशवी ठेवून कडी आणि दोऱ्या ओढून बघा. झेंडूच्या माळा बाहेरच्या बाजूनं, दोऱ्यानं बांधलेल्या. टाचणी एकही नको. उशी नको, बाळ पाठीवर उताणं. बाळाला अर्धा तास आधी पाजून, ढेकर काढून घ्या. भुकेलं बाळ दुसऱ्या कडव्यालाच रडतं, आणि नुकतं प्यायलेलं हेलकाव्यानं दूध काढतं.

गोपाळ पाळण्यात घालताना

वरवंटा धुऊन, कोरडा करून, हळद-कुंकू लावून त्याला कुंची घालायची. थोरली आत्या एका बाजूला, मोठी मावशी दुसऱ्या बाजूला. ‘कुणी गोविंद घ्या’ म्हणत खालून द्यायचा, ‘कुणी गोपाळ घ्या’ म्हणत वरून परत घ्यायचा, असं पाच वेळा. दोन्ही हातांनी धरा. दगड गुळगुळीत असतो आणि कुंची सॅटिनची असेल तर तो त्यातून सटकतो. सुती कुंची घाला. शेवटी तो पाळण्यात पायथ्याला ठेवायचा, आणि बाळ निजवायच्या आधी बाहेर काढायचा.

आधी निजवू गोपाळ,
मग निजेल गं बाळ,
खालून द्या, वरून घ्या,
कुंची सावर वेल्हाळ
जो बाळा, जो जो गं जो

बारा दिवसांची कडवी

आता बाळ पाळण्यात. पहिली तीन कडवी मावश्यांनी म्हणायची, कारण ते दिवस त्यांनीच पाहिले आहेत. पुढची आत्या आणि मावश्यांनी आळीपाळीनं.

पैल्या दिसाची पहाट,
कृष्णा वाहे काठोकाठ,
रडू ऐकून गं आजी
वाटे जिलबीचं ताट
जो बाळा, जो जो गं जो

दुज्या दिसाची दुपार,
पान्हा येई थेंब चार,
चिकाचा तो पिवळासा
घोट अमृताची धार
जो बाळा, जो जो गं जो

तिज्या दिसाला गं आई
डिंक-मेथी लाडू खाई,
अळीव भिजे दुधात,
मावशीची चाले घाई
जो बाळा, जो जो गं जो

चौथ्या दिसाला न्हाऊन,
डाळीचं पीठ लावून,
शेक शेगडीचा मंद,
आली झोप गं दाटून
जो बाळा, जो जो गं जो

पाचवीला पूजू पाटा,
कुंकू ल्याला वरवंटा,
जागे रात्रभर घर,
समई उजळे वाटा
जो बाळा, जो जो गं जो

पुढचं कडवं चौघींनी मिळून, आवाज उतरवून. यात मागणं आहे, ते घाईनं उरकू नये. ‘लिही बाई’ला किंचित थांबायचं.

सटवाई सहाव्याला,
कोरा कागद ठेवला,
लिही बाई भाळावर
शाळा, आरोग्य, जिव्हाळा
जो बाळा, जो जो गं जो

सात-आठ-नऊ दिस,
अंग झालं मोरपीस,
नाळ सुकून गळाली,
दादा मोजे बोटं वीस
जो बाळा, जो जो गं जो

दादा म्हणजे चार वर्षांचा चुलतभाऊ. त्याला पाळण्याच्या डोक्याकडे पाटावर बसवा आणि या कडव्याला बाळाची बोटं खरोखर मोजू द्या. घरात सगळं कौतुक पाळण्याकडे वळलं की तो कोपऱ्यात जाऊन बसतो. मोजायला दोन हेलकावे जास्त लागले तरी चालतील, धृपद तेवढं लांबवा.

सोयर फिटे दहाला,
दारी सडा शिंपडला,
दहा दिसांनी आबांनी
देव न्हाणून पुजला
जो बाळा, जो जो गं जो

अकराव्याला सोनार,
वाळे-बिंदल्या तयार,
काळे मणी ओवी आत्या
एका दोऱ्यात गं चार
जो बाळा, जो जो गं जो

(मण्यांचा दोरा मनगटाला, गळ्यात नाही. प्रत्येक मण्यापुढं गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मणी सुटून विखुरत नाहीत.)

बाराव्याला गं बारसं,
दारी तोरण छानसं,
घुगऱ्यांचा वास दाटे,
नाव ओठात मोतीसं
जो बाळा, जो जो गं जो

या शेवटच्या ओळीत ज्याला ओळखायचं तो ओळखेल, त्यापुढं कुणी काही सुचवू नये. त्यानंतर मावश्यांनी विचारायचं :

नाव काय गं ठेवावं?
गोदा, गंगा की म्हणावं?
आत्याबाईला विचारा,
तिच्या ओठी लपे नाव
जो बाळा, जो जो गं जो

नाव

इथं गाणं पूर्ण थांबतं. पाळणा हातानं धरून स्थिर करा, दोरी सोडा. ताटात तांदूळ पसरून ठेवलेले असतात, त्यावर बाबांनी सोन्याच्या अंगठीनं नाव लिहायचं. थोरल्या आत्यांनी पाळण्यावर वाकून बाळाच्या उजव्या कानाशी देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि शेवटी व्यवहारनाम सांगायचं, हळू, ओठ कानापासून वीतभर लांब ठेवून. मग ‘कुर्रर्र’. तेही कुजबुजीतच. मोठ्यानं केलेलं कुर्र बाळाच्या कानाला लागतं आणि पुढचा सगळा पाळणा रडण्यात जातो.

धपाटे आत्या सरळ उभ्या राहिल्यावर. वाकलेल्या असताना पाठीत बसले, तर कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटतं. हातात काचेच्या बांगड्या असलेल्यांनी उघड्या तळव्यानं, खांद्याखाली मारावेत. मग आत्यांनी घडी उघडून नाव मोठ्यानं सांगायचं आणि त्याच श्वासात पुढचं कडवं उचलायचं. मध्ये टाळ्या, फोटो, बोलणं सुरू झालं की गाणं परत बांधता येत नाही. फोटो आधी किंवा नंतर.

नावाची कडवी

कुर्र केलं गं कानात,
पाठी धपाटे ते सात,
नाव फुटलं गं आता,
मुक्ता गाजे अंगणात
जो मुक्ता, जो जो गं जो

पहिलं नावाचं धृपद तीनदा म्हणा. पहिल्यांदा फक्त आत्या, दुसऱ्यांदा मावश्याही, तिसऱ्यांदा सगळं घर. दाराशी उभ्या असलेल्या शेजारणींना नाव तिसऱ्या खेपेलाच नीट ऐकू येतं.

आळंदीची तू मुक्ताई,
धाकटी, पण गं आई,
ताटी उघड गं बाळे,
दादा रुसला गं बाई
जो मुक्ता, जो जो गं जो

‘दादा रुसला’ म्हणताना दादाच्या हातावर बत्तासा ठेवायचा. धाकट्या आत्यांनी तो आधीच ओच्यात घेऊन ठेवावा.

मांडे भाजले पाठीला,
अशी जिद्द दे लेकीला,
मागो कुणी वा न मागो,
घास देई भुकेल्याला
जो मुक्ता, जो जो गं जो

डोळे आईचे, टपोरे,
खळी आत्याची उतरे,
नाक मावशीचं बाई,
भांडू नका आता बरे
जो मुक्ता, जो जो गं जो

पाळण्याच्या चार दोऱ्या,
चौघीजणी ओढणाऱ्या,
दोन माहेरच्या आणि
दोन सासरच्या, खऱ्या
जो मुक्ता, जो जो गं जो

या कडव्याला चौघींनी खरोखरच चार कोपऱ्यांच्या दोऱ्यांना हात लावायचा. ओढायचं मात्र एकीनंच. चौघींनी ओढलं तर पाळणा गोल फिरतो.

कृष्णा-कोयना भेटल्या,
समोरासमोर आल्या,
आजोळ नि घर तुझं,
अशाच गाठी पडल्या
जो मुक्ता, जो जो गं जो

प्रीतिसंगमावर दोन्ही नद्या अगदी समोरून येऊन मिळतात, म्हणून दुसरी ओळ दोन तुकड्यांत : ‘समोरा’ आत्यांनी, ‘समोर आल्या’ मावश्यांनी. धृपद एकत्र. सगळ्या पाळण्यात हे कडवं सर्वांत जास्त तालीम मागतं, कारण मावश्यांना चालत्या ओळीत शिरावं लागतं. दोरी ओढणारीनं मान हलवून खूण द्यावी.

झोप झोप मुक्ताबाई,
श्रावणाची सर गाई,
दृष्ट काढून टाकली
मीठ-मोहरीची बाई
जो मुक्ता, जो जो गं जो

इथं धृपद पाच वेळा, दर वेळी आवाज आणि हेलकावा थोडा कमी. बाळ तोवर झोपलं नसेल तर आईनं उचलून आत न्यावं. जागं बाळ झोपवण्यासाठी पाळणा वाढवू नका, दिवसभराच्या कल्ल्यानं ते आधीच थकलेलं असतं. आईची ओटी तिथंच, पाटावर बसवून : खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी.

शेवटचं कडवं ओटीनंतर, पाळण्यापासून दूर, ओसरीवर, उडत्या लयीत. घुगऱ्या चाळीस जणींना एक किलो हरभऱ्याच्या पुरतात. आदल्या रात्री आठ-दहा तास भिजवून, सकाळी निथळून, मीठ शिजल्यावर घाला. श्रावणाच्या दमट हवेत भिजवलेला हरभरा झाकून ठेवला की आंबूस होतो, म्हणून निथळल्यावर चाळणीतच मोकळा ठेवा. वाटणाऱ्या दोघी आणि गाणाऱ्या दोघी, कडवं संपलं की अदलाबदल, सगळ्यांच्या ओंजळी भरेपर्यंत.

घुगऱ्या घ्या ओंजळीत,
जा गं आळीत, गल्लीत,
नाव विचारील कोणी,
मुक्ता सांगा गं ऐटीत
जो मुक्ता, जो जो गं जो