अर्जित रजेचा अर्ज आणि परदेश प्रवासाची माहिती : ४ ते १५ मे २०२६

दिनांक : २३ मार्च २०२६, पुणे

प्रति,
मा. विभागप्रमुख, चाचणी विभाग
प्रत : मा. सुरक्षा अधिकारी, मनुष्यबळ विभाग

महोदय,

सोमवार ४ मे ते शुक्रवार १५ मे २०२६ या काळात मला १० दिवसांची अर्जित रजा मिळावी. आधीचा १ मे सुट्टीचाच आहे. सोमवार १८ मे रोजी पहिल्या पाळीला मी हजर होईन. ही रजा परदेशी जाण्यासाठी असल्याने सुरक्षा धोरणानुसार द्यायची माहिती याच अर्जात देत आहे.

माझी थोरली बहीण जर्मनीत लोराख इथे राहते. तिच्या बाळंतपणासाठी आई २० फेब्रुवारीला तिकडे गेली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही आणि पोहोचल्याचा दिवसही त्यात धरतात. त्या हिशेबाने आईला २० मेपर्यंत तिथून निघावंच लागेल. गुडघ्याच्या दुखण्यामुळे तिला एकटीने विमानप्रवास झेपणार नाही, म्हणून मी तिला आणायला जातो आहे. त्यामुळे तारखा आठवडाभर पुढे न्यायला मला वाव नाही. काम अडत असेल तर रजा आधी संपवता येईल, पण १६ मेनंतर परतणं जमणार नाही.

प्रवास असा : शुक्रवार १ मे रोजी रात्री पुण्याहून गाडीने मुंबई. विमान मध्यरात्रीनंतरचं आहे, म्हणून देश सोडल्याची तारीख २ मे धरावी. मुंबई ते झ्युरिक थेट विमान, तिथून रेल्वेने बाझेलमार्गे त्याच दिवशी लोराख. परतताना शनिवार १६ मे रोजी सकाळी झ्युरिकहून निघून त्याच रात्री मुंबईत. वाटेत कुठेही ट्रान्झिट नाही. इस्तंबूलवरून तिकीट बरंच स्वस्त पडत होतं, पण आणखी एका देशाची भर नको म्हणून ते घेतलं नाही.

आता एक खुलासा, कारण कागद पाहताना शंका येईल. तिकीट स्वित्झर्लंडचं आहे आणि व्हिसाचा अर्ज मात्र जर्मनीचा. जास्त दिवस ज्या देशात राहायचं तिथेच अर्ज करावा लागतो, आणि लोराखला झ्युरिकचा विमानतळ सोयीचा आहे. दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे प्रवेशाची नोंद झ्युरिकलाच होईल, जर्मनीत शिरल्याची वेगळी नोंद पासपोर्टवर दिसणार नाही. म्हणून मी दोन्ही देश जाहीर करतो. फ्रान्सही लिहून ठेवतो. बाझेल हे तीन देशांच्या सीमेवरचं शहर आहे, तिथून ट्राम फ्रान्समधल्या सँ लुईपर्यंत आणि जर्मनीतल्या वाइल आम ऱ्हाइनपर्यंत जाते, आणि ताई बाजाराला जाता-येता सीमा ओलांडते. एखाद्या दिवशी माझंही तसं होईल. फ्रान्समध्ये मुक्काम करणार नाही.

राहणं पूर्ण वेळ ताईच्या घरी. ती आणि भावोजी दोघं भारतीय नागरिक आहेत. भावोजी बाझेलमधल्या औषध कंपनीत नोकरीला आहेत, त्यांच्या कामाचा आपल्या कामाशी संबंध नाही. घरमालकीण जर्मन असून त्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. तिच्याशी बोलणं रामराम-शामरामपुरतंच होणार. कुठल्याही कंपनीला, प्रदर्शनाला किंवा परिषदेला मी जाणार नाही, आणि प्रवासाचा सगळा खर्च माझा आहे. कोणी माझ्या कामाबद्दल नेमकी चौकशी केली, तर ते सुरक्षा अधिकाऱ्यांना परतल्यावर न कळवता त्याच दिवशी कळवेन.

कंपनीचा लॅपटॉप, फोन आणि लॉगिनचं टोकन ३० एप्रिलला पाळी सुटताना सुरक्षा कक्षात जमा करून पावती घेईन. माझ्या खासगी फोनवर ऑफिसचा मेल नाही, आणि रजेत दुसऱ्याच्या यंत्रावरून तो उघडणार नाही. चाचणी-संचाच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी २९ एप्रिलपर्यंत पूर्ण करून पाळीतल्या सहकाऱ्यांकडे देईन. त्यांना मी सांगून ठेवलं आहे. बाळाचे फोटो घरच्या ग्रुपवर जातीलच, ते थांबवणं माझ्या हातात नाही, पण मी परत येईपर्यंत प्रवासाबद्दल समाजमाध्यमांवर काही टाकणार नाही.

व्हिसाची अपॉइंटमेंट मुंबईत २ एप्रिलला आहे. त्यासाठी रजा मंजुरीचं आणि नोकरीत असल्याचं पत्र ३० मार्चपर्यंत मिळालं तर बरं होईल. तिकीट पैसे परत मिळतील असंच काढलं आहे, त्यामुळे सुरक्षा विभागाची हरकत असल्यास रद्द करता येईल. तारीख, विमान किंवा मुक्काम बदलला तर निघण्याआधी, आणि वाटेत बदल झाला तर त्याच दिवशी कळवेन. परतल्यावर बोर्डिंग पासच्या प्रती आणि पासपोर्टच्या संबंधित पानांच्या छायाप्रती १८ मे रोजी जमा करेन.

सोबत : तिकिटाची प्रत, ताईचं निमंत्रणपत्र व पत्ता, आईच्या व्हिसाची प्रत.

आपला विश्वासू,
नीलेश
वरिष्ठ चाचणी अभियंता