प्रात्यक्षिक: घरची देवपूजा (इयत्ता सातवी)

साहित्य: ताम्हण, पळी, सहाण, चंदनाचे खोड, फुले, दूर्वा, उदबत्ती, निरांजन, गूळखोबरे. गटात चौघे; शनिवारी गणपतीची धातूची मूर्ती घ्यायची आहे.

आधी समई लावा, घंटा वाजवा. मूर्ती ताम्हणात ठेवून पळीने पाणी घाला, मऊ वस्त्राने पुसा. पाहुण्याला आधी पाय धुवायला पाणी देतात, तोच हा आदर.

आता पंचोपचार. सहाणेवर दोन थेंब पाणी टाकून खोड गोल उगाळा. घाई केली की गंध पातळ होते. सायीसारखे दाट झाले की अनामिकेने लावा. परंपरेत गंध म्हणजे पृथ्वी, फूल म्हणजे आकाश, धूप वायू, दीप तेज आणि नैवेद्य अमृत, म्हणजे जलतत्त्व. पंचमहाभूतांपासून मिळालेले त्यांनाच परत द्यायचे, ही कल्पना मला फार सुंदर वाटते. गणपतीला दूर्वा वाहा, तुळस नको.

उदबत्ती, निरांजन ओवाळताना डाव्या हाताने घंटा वाजवा. पाण्याचे चौकोनी मंडल करून त्यावर नैवेद्याची वाटी ठेवा. मग आरती, नमस्कार, प्रसाद.

ज्यांच्या घरी पूजा होत नाही त्यांनी निरीक्षण लिहावे. गुण तेवढेच आहेत.

वहीत लिहा: तुमच्या घरचा क्रम कुठे वेगळा आहे? आजीआजोबांना कारण विचारा.