चूक-विश्लेषण तक्ता : एमपीएससी गट-ब संयुक्त पूर्व, सराव चाचणी क्र. ६

ठिकाण : अभ्यासिका, सोलापूर. रविवार सकाळची चाचणी, तपासणी त्याच दिवशी दुपारी.
स्वरूप : १०० प्रश्न, १०० गुण, १ तास. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.
सोडवले ८४, बरोबर ५७, चूक २७, सोडून दिलेले १६.
गुण : ५७ − ६.७५ = ५०.२५

चुकांची विभागणी : माहितीच नव्हती ९, दोन गोष्टींत गोंधळ ७, प्रश्न नीट न वाचणे ४, गणिताची रीत ४, अंदाजाने ठोकलेले २, उत्तरपत्रिकेवर गोळा चुकणे १.

नोंदीचा नियम : कारणाच्या रकान्यात "घाई झाली", "लक्ष नव्हतं", "सिली मिस्टेक" लिहायचं नाही. घाईवर उपाय सापडत नाही. पेन नेमकं कुठे घसरलं ते लिहिलं की उपाय आपोआप सुचतो. प्रश्नपत्रिकेवरचं कच्चं काम समोर ठेवूनच हा रकाना भरायचा, आठवणीवर नाही.

| प्रश्न | चुकीचा प्रकार | कारण | उपाय |
|---|---|---|---|
| प्र. ८. सोलापूरच्या चार हुतात्म्यांना फाशी कधी झाली? उत्तर १२ जानेवारी १९३१, मी दिलं १२ मे १९३० | गोंधळ | डोक्यात फक्त "१२ तारीख" होती. १२ मे १९३० ही मार्शल लॉ लागू झाल्याची तारीख. दोन्हीकडे १२ असल्याने पहिला दिसलेला पर्याय उचलला | सुट्या तारखा पाठ करणं बंद. एकाच ओळीत क्रम : मे १९३० गांधीजींना अटक → सोलापुरात उद्रेक → १२ मे मार्शल लॉ → १२ जानेवारी १९३१ येरवड्यात धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा यांना फाशी → २३ मार्च १९३१ लाहोर. चार पुतळ्यांवरून रोज जाते, तिथे हा क्रम मनात म्हणायचा |
| प्र. १९. धनविधेयकाबाबत अयोग्य विधान ओळखा | वाचन | विषय पक्का येतो. पहिलंच विधान "राज्यसभा १४ दिवसांपर्यंत ठेवू शकते" हे बरोबर दिसलं आणि तिथेच गोळा भरला. "अयोग्य" शब्दाखाली रेघ नव्हती. अयोग्य होतं तिसरं : "राज्यसभेतही मांडता येते" | योग्य/अयोग्य शब्दाला आधी गोल करायचा, मग प्रत्येक विधानापुढे ब किंवा चू लिहायचं. चारही अक्षरं लिहिल्याशिवाय उत्तरपत्रिकेकडे हात न्यायचा नाही |
| प्र. २३. ७३वी घटनादुरुस्ती अंमलात कधी आली? | गोंधळ | कायदा १९९२ चा, अंमल २४ एप्रिल १९९३ पासून. टिपणात एकच साल लिहिलेलं | टिपणात "संमत" आणि "अंमल" असे दोन रकाने. ७४वीसाठीही तसंच : १ जून १९९३ |
| प्र. ३४. भीमेची डाव्या काठाची उपनदी कोणती? पर्याय नीरा, माण, सीना, मुळा-मुठा | संकल्पना (गोंधळात धरली) | खाली सविस्तर | खाली सविस्तर |
| प्र. ४७. ५० सेंमी नाभीय अंतराच्या अंतर्वक्र भिंगाची शक्ती | रीत | आकडा २ बरोबर काढला, चिन्ह विसरले. अंतर्वक्र म्हणजे उणे, उत्तर −२ डायऑप्टर. पर्यायात +२ होताच | भिंगाचं गणित हाती घेताना पहिलं काम चिन्ह लिहिणं, आकडा नंतर |
| प्र. ६१ ते ६३ | उत्तरपत्रिका | ६१ सोडला, पण ६२ चं उत्तर ६१ च्या ओळीत भरलं. ६३ ला लक्षात आलं. बॉलपेन असल्याने खोडता आलं नाही. एक चूक वाट्याला आली, शिवाय मिनिटभर गेलं | प्रश्न सोडला की उत्तरपत्रिकेवरचं बोट एक ओळ खाली. दर दहा प्रश्नांनी क्रमांक जुळतोय का पाहायचं |
| प्र. ७२. ८०० रुपये छापील किंमत, आधी २०% मग १०% सूट | रीत | २० + १० = ३० धरून ५६० लिहिलं. दुसरी सूट उरलेल्या ६४० वर असते : ६४० − ६४ = ५७६ | लागोपाठच्या सुटीत टक्के मिळवायचे नाहीत, गुणायचे : ८०० × ०.८ × ०.९. रोज ५ गणितं, आठवडाभर |
| प्र. ७६. १८० मी. गाडी २२० मी. फलाट २० सेकंदांत ओलांडते, वेग? | रीत | फलाटाची लांबी मिळवलीच नाही. १८० ÷ २० = ९ मी./से. म्हणजे ३२.४ किमी/तास, आणि तो पर्याय तिथे होता म्हणून शंकाही आली नाही. खरं : ४०० ÷ २० = २० मी./से. = ७२ किमी/तास | गाडीच्या गणितात आधी चित्र काढायचं : इंजिन फलाटाच्या तोंडाशी, शेवटचा डबा बाहेर. आपलं उत्तर पर्यायात सापडलं म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे पानाच्या वर लिहून ठेवलं आहे |
| चालू घडामोडी आणि अर्थव्यवस्था, एकूण ९ | माहिती नव्हती | गेल्या दोन महिन्यांचं वाचन राहिलं | रोज अर्धा तास. यात विश्लेषण करण्यासारखं काही नाही, वाचायचं आहे |

प्र. ३४ बद्दल. ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सीना भीमेला हत्तरसंग कुडलला मिळते, हे सोलापूरच्या पोरांना शिकवावं लागत नाही. तरी उत्तर नीरा दिलं. कारण नकाशा डोळ्यांसमोर आणला आणि कागदावर जी नदी डावीकडे दिसली तिला डावी म्हटलं. नीरा पश्चिमेकडून येते, म्हणून ती डावीकडे दिसते. सीना अहिल्यानगरकडून उतरते, म्हणून नकाशात उजव्या हाताला. काठ मात्र प्रवाहाकडे तोंड करून ठरतो. भीमा आग्नेयेला वाहते. तिच्यासोबत उभं राहिलं की सीना आणि घोड डाव्या हाताला येतात आणि इंद्रायणी, मुळा-मुठा, नीरा, माण उजव्या. "माहिती नव्हती" असं लिहून यादी पाठ केली असती तर गोदावरी-कृष्णेच्या प्रश्नात हेच पुन्हा झालं असतं. उपाय : कोऱ्या नकाशावर तिन्ही नद्यांचे बाण काढायचे, बाणाच्या टोकाकडे तोंड करून उपनद्या लिहायच्या. यादी बघायची नाही.

बरोबर आलेले, पण माझे नसलेले. ५७ पैकी ६ प्रश्नांपुढे परीक्षेतच फुली केली होती : अंदाज लागला. रेपो दर आणि रिव्हर्स रेपो दराचा प्रश्न त्यातलाच. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, हे नंतर वाचून पक्कं केलं. हे सहाही चुकांच्या यादीत धरले आहेत. गुण मिळाले म्हणून ते सोडले तर पुढच्या वेळी तिथेच घसरायला होतं.

सोडलेले १६. यातल्या ५ प्रश्नांत दोन पर्याय मी स्वतः कापले होते आणि तरी भीतीने सोडले. दोन उरले तर सरासरी हिशेब असा : अर्धा गुण मिळण्याची बाजू, वजा अर्धी वेळ पाव गुण, म्हणजे प्रश्नामागे ०.३७५ फायदा. काहीच न कापता ठोकलं तर तोच फायदा जेमतेम ०.०६ उरतो आणि वेळ जातो तो वेगळा. म्हणून नियम : दोन कापले तर उत्तर द्यायचं, एकही कापता आला नाही तर पुढे. एकच कापला असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत.

चाचणी क्र. ७ च्या आधी

- सोमवार, मंगळवार : नद्यांचे बाण आणि घटनादुरुस्तीचे दोन रकाने.
- बुधवार ते शुक्रवार : सूट, गाडी, भिंग. गणितं नवीन आकड्यांनी, जुनी पुन्हा सोडवायची नाहीत, उत्तरं पाठ झालेली असतात.
- शनिवारी संध्याकाळी हा तक्ता फक्त पहिल्या रकान्यापासून, बाकीचे झाकून. मैत्रीण प्रश्न वाचेल, मी उत्तर आणि कारण दोन्ही सांगायचं. कारण सांगता आलं नाही तर ती नोंद पुढच्या तक्त्यात जशीच्या तशी उतरवायची.
- वाचनाच्या ४ चुका पुढच्या वेळी २ च्या वर गेल्या तर गोल करण्याची पद्धत कागदावरच राहिली असं समजून रोज २० "अयोग्य विधान" प्रश्न वेळ लावून.