प्रश्न ४ : युवा गुन्हेगारीच्या स्पष्टीकरणात ताण सिद्धांत व विभेदक साहचर्य सिद्धांत यांची तुलना करा. (२० गुण)

उत्तर :

दोन्ही सिद्धांत अमेरिकेत 1930 च्या दशकात, महामंदीच्या काळात आकाराला आले. गुन्हेगार जन्मजात असतो किंवा त्याच्या मेंदूत बिघाड असतो, हे दोन्ही नाकारतात. पण त्यांचा प्रश्न एक नाही. गुन्ह्याकडे ढकलणारा दाब कुठून येतो, हे ताण सिद्धांत मांडणारा रॉबर्ट मर्टन विचारतो. गुन्हा करायला माणूस शिकतो कसा, हे विभेदक साहचर्य सिद्धांत मांडणारा एडविन सदरलँड विचारतो. पुढची तुलना या फरकावरच उभी आहे.

मर्टनने 1938 च्या लेखात फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दरखाइमची प्रमाणकशून्यतेची, म्हणजे समाजाचे नियम सैल पडण्याची, कल्पना घेतली आणि तिला वेगळे वळण दिले. अमेरिकन संस्कृती सर्वांना ‘पैसा मिळव, मोठा हो’ असे सांगते; शिक्षण आणि नोकरीची दारे मात्र सर्वांना सारखी उघडी नसतात. या तफावतीला माणसे पाच प्रकारे सामोरी जातात : अनुसरण, नवप्रवर्तन, कर्मकांडवाद, पलायन आणि विद्रोह. गुन्ह्याच्या दृष्टीने नवप्रवर्तन महत्त्वाचे, कारण त्यात ध्येय मान्य असते, फक्त मार्ग बदलतो.

तरुणांच्या बाबतीत मात्र इथेच अडचण येते. काचा फोडणारी किंवा चोरलेली वस्तू फेकून देणारी मुले कोणत्या पैशामागे असतात? अल्बर्ट कोहेनने 1955 मध्ये याचे उत्तर दिले : शाळेत मध्यमवर्गीय मापाने मोजला जाऊन कमी ठरलेला कामगारवर्गीय मुलगा ते मापच उलटे करतो आणि टोळीत प्रतिष्ठा मिळवतो. रॉबर्ट अ‍ॅग्न्यूने 1992 मध्ये ताणाची व्याख्या आणखी रुंदावली. ध्येय हुकणे, जवळचे काही हिरावले जाणे आणि नकोसे काही वाट्याला येणे, असे तीन स्रोत त्याने मांडले. घरातली मारहाण त्यामुळे सिद्धांतात आली. मर्टनच्या मांडणीत तिला जागा नव्हती.

सदरलँडने आपला सिद्धांत 1939 मध्ये मांडला आणि 1947 मध्ये नऊ विधानांत पक्का केला. गुन्हेगारी वर्तन जवळच्या गटांत, संवादातून शिकले जाते. शिकण्यात तंत्र येते, तसेच हेतू आणि समर्थनही येते. कायदा मोडण्यास अनुकूल अर्थ प्रतिकूल अर्थांपेक्षा जास्त झाले की व्यक्ती गुन्ह्याकडे वळते. संबंधांची वारंवारता, कालावधी, अग्रक्रम आणि तीव्रता यांवर परिणाम ठरतो. अग्रक्रम म्हणजे संबंध किती लहान वयात आला, म्हणून युवा गुन्हेगारीत हा मुद्दा फार मोलाचा.

त्याचे नववे विधान थेट ताण सिद्धांताच्या मुळावर येते : चोर पैशासाठी चोरी करतो आणि प्रामाणिक मजूरही पैशासाठीच राबतो, म्हणून पैशाच्या गरजेने गुन्हा स्पष्ट होत नाही. माझ्या मते संपूर्ण तुलनेतला हा सर्वांत धारदार मुद्दा आहे. बहुतांश गरीब मुले गुन्हा करत नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मर्टनकडे नाही.

क्लिफर्ड शॉने 1930 मध्ये प्रसिद्ध केलेले शिकागोच्या ‘स्टॅन्ली’चे आत्मकथन दोन्ही सिद्धांतांना लावून पाहता येते. सावत्र आई त्याचा छळ करते, तो घरातून पळतो : हा अ‍ॅग्न्यूचा ताण. पण तीच सावत्र आई त्याला सावत्र भावासोबत रेल्वेच्या मालडब्यांतून चोरी करायला पाठवते : हे सदरलँडचे शिक्षण, तेही घरातलेच. पुढे सुधारगृहांत मुरलेल्या मुलांची संगत मिळते आणि तो दारुड्यांना लुटू लागतो. ताणाने तो रस्त्यावर का आला हे कळते. रस्त्यावर येऊन नेमके काय करू लागला, हे संगतीशिवाय कळत नाही.

सदरलँडच्याही मर्यादा आहेत. अनुकूल-प्रतिकूल अर्थांचे प्रमाण मोजायचे कसे? पहिला गुन्हेगार कोणाकडून शिकला? संगतीने गुन्हा येतो, की आधीच बिघडलेली मुले एकमेकांना शोधतात, हा शेल्डन व एलिनॉर ग्लुक यांचा आक्षेपही सहज झटकता येत नाही. उलट बाजूने, सदरलँडचा सिद्धांत श्रीमंतांच्या पांढरपेशा गुन्ह्यांनाही लागू पडतो. मर्टनचा रोख प्रामुख्याने खालच्या वर्गावर राहतो.

क्लोवर्ड आणि ओहलिन यांनी 1960 मध्ये दोघांना जोडले. वैध मार्गांप्रमाणे अवैध मार्गही सर्वांना सारखे खुले नसतात, असे त्यांनी दाखवले. प्रौढ गुन्हेगारांचे जाळे असलेल्या वस्तीत मुले चोरीचा धंदा शिकतात. जाळे नसेल तिथे हाणामारीच्या टोळ्या बनतात. दोन्हीकडे डावललेली काही मुले नशेकडे वळतात. म्हणजे दाब मर्टनचा, पण त्याला आकार सदरलँडचा.

धोरणात हा फरक स्पष्ट दिसतो. क्लोवर्ड-ओहलिन यांच्या विचारावर न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये ‘मोबिलायझेशन फॉर यूथ’ हा प्रकल्प उभा राहिला. त्यात तरुणांना काम आणि प्रशिक्षण देण्यावर भर होता. विभेदक साहचर्य मानले तर मात्र किरकोळ चोरीत सापडलेल्या मुलाला मुरलेल्या मुलांसोबत कोंडणे हाच धोका ठरतो, आणि नोकरीची हमी देऊनही तो टळत नाही.