पावसाळ्यात डेंग्यू टाळण्यासाठी: वाडीतल्या सर्वांसाठी

मंडळी, डेंग्यूचा डास गटारात नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा आणि घराभोवती फेरी मारा.

आपल्याकडे पाणी कुठे साठतं? नारळाच्या करवंट्या, परसात गळून पडलेल्या सुपारीच्या विऱ्या, पागोळीखाली ठेवलेल्या बादल्या, माडीवरचे जुने टायर, फ्रिजमागचा ट्रे. किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांवरच्या ताडपत्रीचे खळगेही बघा; तिथे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. करवंट्या पालथ्या घाला. दगडी डोण आणि पिंप नुसतं उपसू नका, आतून घासा: अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. विहिरीत गप्पी मासे सोडायचे असतील तर आशाताईंना विचारा.

हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी लावा.

अचानक जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं, अंग-सांधे ठणकणं, पुरळ: यातलं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. तापाला पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढू शकतो. पेज, शहाळं, पाणी देत राहा.

ताप उतरला की माणूस निर्धास्त होतो, पण धोका बहुधा त्याच वेळी असतो. पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप सुस्ती दिसली तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या.